प्रकल्प नोंदी: साधी स्टील बाटली, सात अक्षरं आणि नागपूरचा उन्हाळा

2 एप्रिल

काम मिळालं. आपल्या युनिटची एक लिटरची साधी, एकेरी भिंतीची स्टील बाटली घ्यायची आणि तिच्यातून पुढच्या सीझनसाठी विकता येतील असे दोन-तीन नवे प्रकार काढायचे. साहेबांच्या अटी दोन. पहिली, नवीन डाय, म्हणजे साचा, करायचा नाही. बॉडी आपल्याकडे बाहेरून बनून येते, नागपूरजवळच्या हिंगण्यात आपण फक्त झाकण, छपाई आणि पॅकिंग करतो. दुसरी, पाण्याला लागणाऱ्या भागाला हात लावायचा नाही, कारण पाण्याच्या बाटलीला आता आयएसआय मार्क लागतो आणि तो खटाटोप पुन्हा करायची साहेबांची तयारी नाही.

पद्धत स्कॅम्पर. अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न या अमेरिकन जाहिरातदाराने कल्पना सुचाव्यात म्हणून प्रश्नांची एक यादी केली होती. बॉब एबर्ली या शिक्षकाने 1971 मध्ये ती सात अक्षरांत बसवली. एस म्हणजे एखादी गोष्ट काढून दुसरी घालणं, सी म्हणजे जोडणं, ए म्हणजे दुसरीकडची युक्ती उसनी आणणं, एम म्हणजे आकार-प्रमाणात फेरबदल, पी म्हणजे दुसरा उपयोग, ई म्हणजे वगळणं आणि आर म्हणजे उलटापालट.

मागच्या वर्षी याच ऑफिसात एकदा ही पद्धत वापरली गेली होती. त्या बैठकीचा कागद फाइलमध्ये आहे. प्रत्येक अक्षरासमोर पाच-पाच कल्पना, सगळ्या नीटनेटक्या, आणि त्यातली एकही पुढे सरकली नाही. कागद वाचला की कारण कळतं. प्रत्येक प्रश्न 'बाटली'ला विचारलाय. बाटलीच्या जागी काय घालता येईल? काच, तांबं, बांबू. बाटलीला काय जोडता येईल? स्पीकर, टॉर्च, गोळ्यांची डबी. असा अख्ख्या वस्तूला प्रश्न विचारला की उत्तरं कॅटलॉगमधून आल्यासारखीच येतात.

4 एप्रिल

आज बाटली मोकळी केली. टूलरूमचे काका म्हणाले, "एवढीशी तर बाटली, मोकळं काय करणार तिच्यात?" करण्यासारखं बरंच निघालं.

बॉडी 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची, निदान बिलावर तरी. भिंत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ. बाहेरचा व्यास साधारण 73 मिलिमीटर, उंची झाकणासकट 26 सेंटिमीटर, आणि रिकामी बाटली पाव किलोच्या आत. वर उतरता खांदा, त्यावर आटे पाडलेली मान. झाकण पॉलिप्रॉपिलीनचं, वर स्टीलची टोपी बसवलेली, आत सिलिकॉनचं वॉशर. झाकणाला कडी. बस.

पण भाग लिहिले म्हणजे काम झालं नाही. प्रत्येक भागासमोर मी तीन गोष्टी लिहिल्या: तो काय काम करतो, त्या कामासोबत नको असलेलं काय होतं, आणि त्याच्याकडून कुठलं काम घेतलं जात नाही. भिंतीसमोर लिहिलं: पाणी धरते, उष्णता सहज आत येऊ देते, हवेशी सतत संपर्क असलेला सगळ्यात मोठा पृष्ठभाग आहे पण त्याचा उपयोग शून्य. खांद्यासमोर: बॉडी मानेला जोडतो; त्यावर धूळ बसते; बाकी काही नाही. झाकणासमोर: बंद करतं, हरवतं, उलटं धरलं तर वाटीसारखं पाणी मावतं. मोजून पाहिलं, सुमारे 25 मिलिलिटर.

हा तक्ता भिंतीवर लावून ठेवला. पुढचं सगळं याच तक्त्याला विचारायचं आहे.

7 एप्रिल

गिऱ्हाईक कोण हे ठरल्याशिवाय अक्षरं सुरू करायची नाहीत, असं मार्केटिंगच्या ताईंचं म्हणणं, आणि ते मला पटलं. ऑफिसात बसणाऱ्याला बाटलीची अडचण नसते, त्याच्याजवळ कूलर असतो. आम्ही सीताबर्डीच्या ऑटो स्टँडवर गेलो.

बहुतेक ऑटोंमध्ये पाण्याची बाटली आहे. कुठे कोल्ड्रिंकची रिकामी प्लास्टिकची, कुठे ओल्या फडक्यात गुंडाळलेली, कुठे स्टीलची. स्टीलवाल्या एका काकांना विचारलं, कशी वाटते?

"बाटली चांगली आहे जी, फुटत नाही. पण दुपारी पानी असं तापते की चहापत्तीच टाकाची बाकी राह्यते."

मग थर्मासवाली का घेत नाही?

"घेतली होती न पोराची. सकाळी घरून थंड भरलं तर राह्यते थंड. पण थे पानी दहा वाजताच संपते. मंग इथल्या नळाचं भरा लागते, नळाचं पानीच गरम. थर्मास थे गरम पानी गरमच ठेवते."

ही गोष्ट आमच्या कुणाच्याच कागदावर नव्हती. व्हॅक्यूम बाटली आत जे असेल ते तसंच राखते. दिवसभरात तीनदा टाकीच्या पाण्याने बाटली भरणाऱ्याला राखून उपयोग नाही, त्याला पाणी खाली उतरवायला हवंय. किती खाली, तेही काकांनीच सांगितलं: "मले फ्रिजसारखं नाही पाह्यजे. घसा पोळू नये, बस. माठासारखं असलं तरी झालं."

परत येताना ब्रीफ नव्याने लिहिलं: एकेरी भिंतीच्या बाटलीत भरलेलं कोमट पाणी, वीज आणि बर्फ न वापरता, ऑटोत टांगलेलं असताना, तासाभरात माठाच्या पाण्याइतकं करणं.

10 एप्रिल

एस आणि सी एकत्र उरकले.

एस, भिंत: स्टीलऐवजी मातीची बाटली पाझरून थंड करते, पण ऑटोत फुटते. तांबं महाग. शिवाय साहेबांची अट. वॉशर आणि झाकण यांच्या बदल्या सुचल्या, पण ब्रीफशी त्यांचा संबंध नाही. एस तात्पुरतं बाजूला.

सी मध्ये नेहमीची जत्रा भरली. मोबाइल स्टँड, आरसा, अगरबत्तीचं घर. गंमत म्हणून सगळं लिहिलं. मग ताईंनी एक चाळणी लावली, ती मला फार उपयोगी वाटते: जोडलेली दोन कामं एकाच क्षणी, एकाच हाताला लागतात का? पाणी पिताना मोबाइल स्टँड लागत नाही, उलट मोबाइल काढावा लागतो. या एका प्रश्नावर जवळजवळ सगळं गळलं. उरलं एकच: झाकण आणि माप. बाटली उघडली की झाकण हातात असतंच, त्यामुळे झाकणभर पाणी मोजायला वेगळं काही करावं लागत नाही. कशासाठी मोजायचं ते तेव्हा माहीत नव्हतं. तरी ठेवलं.

11 एप्रिल

ए. ज्या दिवसाची वाट पाहत होतो तो.

अडॅप्टचा प्रश्न मी असा मांडला: मोठा पृष्ठभाग वापरून, वीज न जाळता, आतलं थंड करणारं इथे आधीपासून काय आहे? नागपुरात उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. डेझर्ट कूलरची वुडवूलची ताटी, त्याआधीच्या खसाच्या ताट्या. माठ. आणि छागल, ट्रकला बाहेर टांगायची कॅनव्हासची पाण्याची पिशवी. तिन्हींचं तत्त्व एकच: पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. स्टँडवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली पाहिली होती, तीही तीच युक्ती, फक्त कुणी तिला विकाऊ केलेलं नाही.

फरक पाहायचा तो वेगळाच. माठ आणि छागल स्वतःचंच पाणी पाझरून उडवतात. स्टील पाझरत नाही, म्हणून बाहेरचं पाणी वेगळं द्यावं लागेल. हे बरंच आहे, प्यायचं पाणी आणि उडायचं पाणी एकमेकांना शिवणार नाहीत. आणि दुसरं, ज्या गोष्टीसमोर आपण 'उष्णता सहज आत येऊ देते' असं दोष म्हणून लिहिलं, तीच पातळ भिंत उष्णता तितक्याच सहज बाहेरही जाऊ देईल. व्हॅक्यूम बाटलीला ओलं फडकं गुंडाळून काही होणार नाही, तिची भिंत उष्णता आरपार जाऊच देत नाही. म्हणजे हे काम फक्त स्वस्त बाटलीच करू शकते.

ताई म्हणाल्या, "हे ए नाही, आर आहे. इन्सुलेशन उलटं केलं." असेल. कल्पना कुठल्या अक्षरात टाकायची यावर वाद घालण्यात मला रस नाही. दोन अक्षरांतून एकाच भागाकडे बोट दाखवलं जातंय, तर तो भाग नीट बघावा एवढंच.

17 एप्रिल

पहिली चाचणी, युनिटच्या गच्चीवर, पत्र्याच्या सावलीत.

आधी एक छोटं काम केलं, जे पुढे सगळ्यात उपयोगी पडलं. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला ओला कापूस गुंडाळून पंख्यासमोर धरला. कोरडा काटा 41 अंश, ओला काटा 22. ओल्या काट्याचं तापमान हा तळ आहे. ओल्या फडक्यातली बाटली याच्या खाली जाणार नाही, कितीही वारा द्या. प्रत्यक्षात त्याच्या तीन-चार अंश वर थांबेल. म्हणजे चाचणी सुरू करण्याआधीच कळलं की माठाच्या पाण्याइतकं होणं शक्य आहे.

तीन बाटल्या, तिन्हींत टाकीचं 34 अंशांचं पाणी. एक खोळीविना उघडी, एक मांजरपाटाच्या ओल्या खोळीत, एक व्हॅक्यूमवाली. पंखा सुरू. तासाभराने उघडी 40 च्या जवळ पोचली. व्हॅक्यूमवाली 34 वरच. खोळीतली 26.

टूलरूमच्या काकांनी खोळीतलं पाणी पिऊन पाहिलं आणि काही न बोलता पुन्हा बाटली भरून ठेवली.

पंखा बंद करून तेच केलं तर तासाने 29 च्या आसपास. वारा नसेल तर काम होतं, पण रेंगाळत. ऑटो चालू असताना वाऱ्याची कमतरता नसते, म्हणून गिऱ्हाईक योग्य निवडलंय.

18 एप्रिल

हिशोब करून ठेवतो, कारण साहेब विचारणारच की खोळ किती जाड हवी.

एक लिटर पाणी 34 वरून 26 वर आणायला साधारण 33 किलोज्यूल काढावे लागतात. एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे 2.4 किलोज्यूल नेतं. म्हणजे फक्त 14 ग्रॅम पाणी पुरायला हवं. पण खोळ वजन करून पाहिली तर तासात जवळपास 40 ग्रॅम घटली होती. बाकीचं कुठे गेलं? बाटली थंड होत जाते तशी गरम हवा तिला पुन्हा तापवत राहते, ती आत येणारी उष्णताही त्याच पाण्याला बाहेर काढावी लागते. उडणाऱ्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त हवेशी भांडण्यात जातं.

यातून खोळीचं माप ठरतं. एका पदराची मांजरपाटाची खोळ साधारण 40 ग्रॅम पाणी धरते, तासाभरात कोरडी पडते, आणि कोरडी पडली की बाटली पुन्हा तापायला लागते. दोन पदर घेतले तर दुप्पट वेळ. चार पदर घेऊन पाहिले, ते ओलं राहिलं खरं, पण ठिबकायला लागलं. गिऱ्हाइकाच्या पँटवर ठिबकणारी बाटली दुसऱ्यांदा विकली जात नाही.

22 एप्रिल

कापडं. टॉवेलचं कापड पाणी भरपूर धरतं पण हलवलं की शिंतोडे उडवतं. किंतान खरबरीत, वास येतो. सिंथेटिक जाळी लगेच वाळते, पाणी धरतच नाही. जाड सुती गादीपाट ओला व्हायला आधी कुरकुरतो, कारण त्यावर खळ असते. दोनदा गरम पाण्यात धुतल्यावर सरळ होतो. सध्या आत मांजरपाट, बाहेर गादीपाट असे दोन पदर.

खोळ बाटलीला घट्ट चिकटून बसली पाहिजे. मध्ये हवेची फट राहिली की ती फटच इन्सुलेशन होते, आणि खोळ स्वतः गार होते पण पाणी नाही. हे ओळखायचं कसं: खोळीला बाहेरून हात लावला तर गार लागते, झाकण उघडून पाण्यात थर्मामीटर घातला तर काटा हलत नाही. शिंप्याला सांगून एका बाजूला नाडी घालून घेतली, म्हणजे ओढून आवळता येते.

26 एप्रिल

खोळ परत ओली कोण करणार, हा प्रश्न दोन दिवस डोक्यात होता. गाडी चालवणाऱ्याने बाटली काढून नळाखाली धरायची हे होणार नाही.

पहिली कल्पना: बुडाशी एक उथळ वाटी, तीत पाणी, खोळीची कड वाटीत बुडलेली, कापड वर चोखून घेईल. करून पाहिलं. खालचा अर्धा भाग ओला, वरचा कोरडा. सुती कापड पाणी वर चढवतं खरं, पण या कोरड्या हवेत चढता चढताच ते उडून जातं, वरपर्यंत पोचत नाही.

इथे आर कामाला आला. वाटीची जागा उलटी केली तर? कूलरमध्ये पाणी खालून चढवत नाहीत. पंप ते वरच्या नळीत नेतो आणि ते ताटीवरून खाली झिरपतं. आपल्याकडे पंप नाही, पण हात आहे आणि झाकण आहे. बाटलीच्या उतरत्या खांद्यावर, जो काहीच काम करत नव्हता, टॉवेलच्या कापडाची जाड घडीची कॉलर शिवली, खोळीच्याच वरच्या कडेला. पाणी पिऊन झालं की झाकणभर पाणी कॉलरवर ओतायचं. कॉलर ते धरून ठेवते आणि हळूहळू खाली सोडते. खोळीचे दोन पदर सोसतात, ठिबकत नाही.

10 तारखेला ठेवलेलं 'झाकण आणि माप' इथे जागेवर बसलं. एका झाकणात 25 मिलिलिटर, म्हणजे गच्चीवरच्या हवेत अर्ध्या तासाहून थोडं जास्त. दर अर्ध्या-पाऊण तासाला एकदा पाणी पिणाऱ्या माणसाला वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

3 मे

उरलेली अक्षरं, थोडक्यात.

एम: तोंड मोठं करा, असं सगळेच सुचवतात. बर्फ घालता येतो, ब्रश आत जातो. पण चालत्या गाडीत मोठ्या तोंडाने पिलं की शर्ट भिजतो, आणि त्यासाठी डाय लागतेच. सोडून दिलं.

पी: हिवाळ्यात खोळ कोरडी वापरली तर? डिसेंबरच्या रात्री नागपूर चांगलंच गारठतं आणि एकेरी भिंतीची बाटली गरम पाणी भरल्यावर हातात धरवत नाही. कोरडे दोन पदर पुरेसे आहेत, हाताला चटका बसत नाही, पाणीही जरा जास्त वेळ कोमट राहतं. ओली असताना उष्णता बाहेर काढणारी खोळ कोरडी असताना तीच उष्णता अडवते, कारण कापडात मग पाण्याच्या जागी हवा असते. विक्रीच्या दृष्टीने हे महत्त्वाचं, चार महिन्यांचा माल आठ महिन्यांचा होतो.

ई: बाटलीच वगळा. म्हणजे नवी बाटली विकूच नका, नुसती खोळ विका, ज्याच्याकडे 73 मिलिमीटरची कुठलीही बाटली आहे त्याला. साहेबांचं तोंड वाकडं झालं. "आपण बाटलीवाले आहोत का शिंपी?" पण डाय नाही, बाटलीला हात नाही, या दोन्ही अटी त्यांच्याच. शिंप्याचा दर कापड धरून साठ रुपयांच्या आत येतोय हे सांगितल्यावर ते गप्प बसले. ही कल्पना यादीत आहे.

9 मे

रस्त्यावरची चाचणी, सीताबर्डीच्या काकांच्याच ऑटोत. बाटली समोरच्या काचेच्या आत, डाव्या बाजूला, सावलीत टांगली. वारा थेट लागतो. उन्हात टांगायची नाही हे त्यांना दोनदा सांगितलं. ऊन थेट पडलं की खोळीचं बरंचसं पाणी ऊन परतवण्यातच खर्च होतं.

संध्याकाळी त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं: "पानी एकदम बरोबर. पण झाकनभर पानी टाकलं त अर्ध्या तासाच्या आतच वाळते जी. इथं वारा जास्त." बरोबर आहे, गच्चीवरच्या पंख्यापेक्षा चालत्या ऑटोचा वारा जास्त. दोन झाकणं टाकली की पुरतं. सूचनापत्रावर 'एक ते दोन झाकणं, खोळ हाताला ओलसर लागेल एवढं' असं लिहायचं ठरलं. मिनिटं लिहायची नाहीत, ती हवेवर अवलंबून आहेत.

आणखी एक: खालच्या कडेला पांढरे पट्टे. बोअरचं जड पाणी. पाणी उडतं, क्षार कापडातच राहतात. कापड कडक होतं आणि मग पाणी पसरवत नाही. आठवड्यातून एकदा लिंबाच्या पाण्यात भिजवून धुतलं की मोकळं होतं.

16 मे

खोळी काढल्या तर काही बाटल्यांवर बारीक तांबूस ठिपके.

हे का झालं, ते आता सांगता येतं. पाणी उडत जातं तसे त्यातले क्लोराइड कापड आणि स्टीलच्या मधल्या ओल्या फटीत साठत जातात. स्टेनलेस स्टील ज्या पातळ ऑक्साइडच्या थरामुळे गंजत नाही, तो थर अशा जागी टिकत नाही. पण ठिपके सगळ्याच बाटल्यांवर नाहीत, एकाच लॉटच्या बाटल्यांवर आहेत. टूलरूमच्या काकांनी लगेच चुंबक आणलं. चुंबक चिकटत नाही, म्हणजे 304, असं बाजारात सगळे धरून चालतात. पण 201 ग्रेडही चिकटत नाही. तिच्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, ती स्वस्त पडते आणि क्लोराइडपुढे लवकर हार मानते. उलट मान दाबून आवळताना 304 सुद्धा तेवढ्या भागापुरती थोडी चुंबकाला धरते. म्हणजे चुंबकाने ओळखायला गेलं तर खोटी बाटली खरी आणि खरी बाटली खोटी ठरण्याची भीती.

एका मोठ्या भंगार व्यापाऱ्याकडे धातूत काय काय मिसळलंय ते दाखवणारी एक्सआरएफ गन होती. ठिपकेवाल्या बाटलीत मँगनीज भरपूर, निकेल तुटपुंजं. बिलावर 304 लिहिलेलं होतं. पुरवठादाराशी साहेब बोलतील, त्यांचा तो प्रांत.

आमच्यासाठी मात्र एस अक्षर परत उघडलं. बाजूला ठेवताना ते ब्रीफशी संबंध नाही म्हणून ठेवलं होतं, आता ए मधून आलेल्या कल्पनेनेच त्याला काम दिलंय. खोळीसोबत विकायची बाटली तपासलेल्या 304 चीच असेल, आणि खोळ रात्री काढून वाळवायची, बाटली बाहेरून पुसायची, हे सूचनापत्रावर पहिल्या ओळीत. नुसती खोळ विकायची झाली तर हा धोका गिऱ्हाइकाच्या बाटलीवर जातो. तिथे आपल्याला काही सांगता येत नाही. ई ची कल्पना त्यामुळे दुसऱ्या क्रमांकावर गेली.

28 मे

नवतपा, उन्हाळ्याचे सगळ्यात कडक नऊ दिवस. गच्चीवर कोरडा काटा 44, ओला 23. खोळीतलं पाणी तासाने 27. बाहेर तीन अंश वाढले तरी तळ एकच अंश वर सरकला, कारण हवा आणखी कोरडी. ज्या दिवशी माणसं सगळ्यात जास्त वैतागतात त्या दिवशी ही बाटली सगळ्यात जास्त फरक दाखवते. ताईंनी जाहिरातीचे फोटो आजच काढून घेतले.

सहा ऑटोवाल्यांना नमुने दिलेत. एकाने कॉलर उसवून त्यात पुदिन्याची पानं भरली. हे आमच्या कुठल्याच अक्षरात नव्हतं. वास छान येतो, पण पानं कुजतात. नको.

18 जून

पाऊस सुरू होऊन काही दिवस झालेत. कोरडा काटा 31, ओला 26.5. 29 अंशांचं पाणी खोळीत तासाने 27 च्या थोडं वर, उघड्या बाटलीत 30. फरक आहे, पण बाटली हातात घेतल्यावर जाणवणारा नाही. खोळ दिवसभर ओली राहते, आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास आला. पावसाळ्यात ओली वापरायची नाही, हेही छापावं लागेल.

मार्केटिंगला यावरून एक सोपा नियम दिला. दुकानदाराला हवामानशास्त्र शिकवायचं नाही. घरातला कूलर ज्या दिवसांत गार हवा देतो, त्या दिवसांत खोळ ओली वापरा. कूलर चालू करून चिकचिक वाटायला लागली की खोळ कोरडी. नागपुरात हे कुणालाच समजावून सांगावं लागत नाही. मुंबईच्या वितरकाने नमुने मागितले होते, त्याला नाही म्हटलं. तिथल्या दमट हवेत परत पाठवलेला माल आपल्यालाच मोजावा लागेल.

साहेबांकडे तीन गोष्टी दिल्या: तपासलेली 304 बाटली, कॉलरची खोळ आणि कडीत आकडा, ऑटो आणि दुचाकीसाठी; नुसती खोळ, आपल्याच जुन्या गिऱ्हाइकांसाठी, सूचनापत्रासह; आणि तीच खोळ गडद रंगात, हिवाळ्यात गरम पाण्यासाठी, ऑक्टोबरमध्ये बाजारात.

शिल्लक काम: 750 मिलिलिटरच्या बाटलीचा खांदा जास्त तिरका आहे, तिथे कॉलर घसरते. शिंप्याकडे सोमवारी दुसरा पॅटर्न कापायला द्यायचा. नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक घालून बघायचं, पण ते क्षाराच्या पाण्यात किती टिकतं हे धुऊन धुऊन तपासल्याशिवाय ऑर्डर द्यायची नाही.